ॲपमध्ये ‘रद्द’ केलं, तरी तीन महिने ४९९ रुपये कापले गेले

मुलीच्या इंग्रजीसाठी एक ॲप घेतलं. सात दिवस १ रुपयात, पुढे महिन्याला ४९९. पाचव्याच दिवशी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन सदस्यत्व रद्द केलं. ‘तुमचं सदस्यत्व रद्द झालं आहे’ असा हिरव्या टिकचा मेसेजही आला. मग ॲपच काढून टाकलं. एवढं केल्यावर कोण परत बघणार?

तीन महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. ४९९ तीनदा, म्हणजे १,४९७ रुपये गेले होते. समोर ॲपचं नाव नाही, कुठल्यातरी प्रायव्हेट लिमिटेडचं.

जीव जळतो तो त्या १ रुपयाच्या वेळेसाठी. यूपीआय पिन टाकायच्या स्क्रीनवर AutoPay लिहिलेलं होतं, खाली दरमहा आणि कमाल १,४९९ रुपये. मी फक्त वरचा १ रुपया बघितला आणि पिन टाकला. तो पिन एका रुपयासाठी नव्हताच, दर महिन्याला पैसे काढायची परवानगी होती ती. शिवाय पैसे कापायच्या आदल्या दिवशी दर वेळी एसएमएस येत होता. अनोळखी कंपनीचं नाव बघून मी तो जाहिरात समजून पुसला. माझी चूक आहे, मान्य. पण ‘रद्द झालं’ असं त्यांनीच लिहून दिलं होतं ना?

ॲपवाल्यांच्या ईमेलला एकच ठरावीक उत्तर, ‘तुमचं खातं बंद आहे.’ खातं बंद, मग पैसे कसले घेता? बँकेत गेले तर काउंटरवरचे म्हणाले, ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?’ दोन वेळा रजा टाकून गेले. दुसऱ्या वेळी टोल-फ्री नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात दिली, आणि तिथे वीस मिनिटं नुसतं संगीत. परवानगी रद्द कुठे करायची, हे एकानेही सांगितलं नाही! शेवटी शेजारच्या कॉलेजच्या मुलाने दोन मिनिटांत दाखवलं.

ज्या यूपीआय ॲपवरून पिन टाकला होता, तेच उघडायचं. प्रोफाइलमध्ये AutoPay. तिथे त्या कंपनीचं नाव चालू यादीत दिसतं. त्यावर जाऊन Cancel किंवा Revoke, आणि पुन्हा पिन. नुसतं Pause करू नका, ते पुन्हा सुरू होतं. यादीत ॲपचं नाव शोधू नका, रक्कम आणि तारीख जुळवा.

पैसे प्ले स्टोअरमार्फत जात असतील तर प्ले स्टोअरच्या Subscriptions मध्ये रद्द करावं लागतं, आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावाखाली. ॲप काढून टाकल्याने यातलं काहीच थांबत नाही.

गेलेले पैसे मात्र याने परत येत नाहीत. बँकेकडे लेखी तक्रार देऊन नंबर घेतलाय. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका, ३० दिवसांची मुदत लेखी तक्रारीपासूनच धरतात. तोवर उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. आज अकरावा दिवस आहे.