त्रिकोणाविना जास्तीत जास्त कडा: डिग्रींची बेरीज की विगमन?

n बिंदूंच्या ग्राफमध्ये एकही त्रिकोण नसेल, तर कडा n²/4 पेक्षा जास्त नसतात. हे मँटेलचे 1907 चे प्रमेय. दोन्ही सिद्धता एकाच निरीक्षणातून निघतात: u आणि v जोडलेले असतील तर त्यांचा सामाईक शेजारी नसतो, म्हणून त्यांच्या डिग्रींची, म्हणजे प्रत्येकाला लागलेल्या कडांच्या संख्यांची, बेरीज d(u)+d(v) ≤ n.

विगमनात u, v काढून टाकायचे. त्यांच्यासोबत फार तर n−1 कडा जातात, आणि (n−2)²/4 + (n−1) = n²/4. झाले! सोपे आहे, पण ग्राफच्या रचनेबद्दल फारसे हाती लागत नाही.

डिग्रींच्या वाटेने तीच असमानता सर्व m कडांवर बेरजेला घ्यायची. प्रत्येक बिंदूची डिग्री d ही d वेळा मोजली जाते, म्हणून Σd² ≤ mn. डिग्रींची बेरीज 2m असल्याने कॉशी-श्वार्ट्झनुसार Σd² ≥ 4m²/n. यातून m ≤ n²/4.

मला हीच आवडते, कारण ढिलाई कुठे आहे ते दिसते. n=5 घ्या, मर्यादा 6.25, म्हणजे 6 कडा. पंचकोनात Σd²=20, तर mn=25; पहिल्याच पायरीत तूट. 2 आणि 3 बिंदूंच्या पूर्ण द्विभाजित ग्राफमध्ये डिग्री 3,3,2,2,2; Σd²=30=mn. इथे तूट फक्त कॉशी-श्वार्ट्झमध्ये, 28.8 विरुद्ध 30, कारण डिग्री समान नाहीत.