विकास सोसायटीची कर्जनोटीस: जुना मसुदा ठेवावा की नवा घ्यावा?

रत्नागिरी तालुक्यातील एखाद्या गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या संचालक मंडळापुढे मार्चच्या आधी हा प्रश्न येतो. वर्षानुवर्षे चालत आलेली छापील नोटीसच पुन्हा काढावी, की ती साध्या शब्दांत नव्याने लिहावी? दोन्ही मसुद्यांची तुलना करण्यासाठी एकच सभासद धरू. त्याने 12 जून 2025 रोजी 80,000 रुपयांचे खरीप पीक कर्ज घेतले असून कर्जरोख्याप्रमाणे परतफेडीची मुदत 31 मार्च 2026 आहे.

जुन्या नोटिशीतील मुख्य वाक्य असे असते: "आपणांकडील अल्प मुदत कर्जाची येणे बाकी रक्कम त्यावरील होणाऱ्या व्याजासह नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांचे आत भरणा करावी, कसूर केल्यास आपले विरुद्ध कलम 101 अन्वये जप्तीची कारवाई करण्यात येईल." या वाक्याला कायद्याचे वजन असल्याचा भास होतो खरा, पण सभासदाला पैसे केव्हापर्यंत आणि किती भरायचे हे त्यातून कळत नाही.

मुदतीचा घोटाळा पाहण्यासारखा आहे. नोटीस 14 मार्चला गावी पोहोचली, तर 15 दिवस 29 मार्चला संपतात. तो रविवार आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशी चौथा शनिवार असल्यामुळे बँक बंद असते. कोकणात घरी वडील आणि पैशाचा व्यवहार मुंबईच्या मुलाकडे, अशी घरे कमी नाहीत. त्या मुलाला नोटिशीचा फोटो 20 मार्चला मिळाला, तर तो स्वतःच्या हिशेबाने 4 एप्रिलपर्यंत निश्चिंत राहतो. प्रत्यक्षात 31 मार्च उलटताच वेळेवर परतफेडीची सवलत गेलेली असते.

नव्या मसुद्यात हेच असे लिहिता येईल: "सोमवार, 30 मार्च 2026 रोजी दुपारी 1 वाजेपर्यंत सोसायटीच्या कार्यालयात पैसे भरा. कर्जाची मुदत 31 मार्चला संपते, परंतु त्या दिवशी महावीर जयंतीची सुट्टी आहे." येथे दोन तारखा येतात हे मान्य, पण भरण्याची तारीख आधी आणि कारण नंतर आल्यामुळे गोंधळ होत नाही. मुदत कर्जरोख्याचीच राहते, ती मंडळाने कमी केलेली नाही, हेही दुसऱ्या वाक्यातून स्पष्ट होते.

रकमेच्या बाबतीतही फरक मोठा आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडल्यास केंद्राची 3 टक्के सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्यावर व्याजाचा भार राहत नाही. मुदत चुकली तर ही सवलत जाते आणि 12 जून ते 31 मार्च या 292 दिवसांचे 7 टक्के दराने 4,480 रुपये व्याज अंगावर येते. त्यापुढे थकीत काळाचा दर लागतो तो वेगळाच. "होणाऱ्या व्याजासह" या दोन शब्दांत हे 4,480 रुपये दडून राहतात. नव्या नोटिशीत ते आकड्यानेच लिहावेत. मात्र एक काळजी घ्यावी: सोसायटी व्याज आधी भरून घेऊन सवलत नंतर खात्यावर जमा करत असेल, तर "बिनव्याजी" हा शब्द मोकळा सोडू नये. सभासदाने खिडकीवर नेमके किती द्यायचे आणि त्यातले किती परत येणार, हे वेगवेगळे लिहावे. नाहीतर भांडण सचिवाच्या टेबलावर येते.

जप्तीच्या धमकीबद्दल माझे मत ठाम आहे: स्मरणाच्या नोटिशीत ती नको. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली सोसायटीला आधी निबंधकांकडे अर्ज करावा लागतो आणि वसुली दाखला मिळाल्यावरच पुढील वसुली सुरू होते. पंधरवड्यात जप्ती होत नाही. "मुदतीनंतर कर्ज थकीत धरले जाईल आणि वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येईल" हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही. प्रत्यक्ष कलम 101 ची कारवाई सुरू झाल्यावर निघणारे कागद मात्र विहित स्वरूपातच असावेत, तेथे शब्दांशी खेळू नये.

नव्या मसुद्याची एक मर्यादा आहे. हापूसचा मुख्य पैसा वाशीच्या बाजारातून एप्रिल-मे महिन्यांत हाती येतो, त्यामुळे ज्याच्याकडे मार्चअखेर रोकडच नाही त्याला स्पष्ट तारीख पैसे मिळवून देणार नाही. अशा सभासदासाठी "अडचण असल्यास 15 मार्चपूर्वी सचिवांना भेटा" ही ओळ उपयोगी पडते, पण त्यासाठी नोटीस फेब्रुवारीतच निघायला हवी, 14 मार्चला नव्हे.

म्हणून पहिल्या स्मरणासाठी नवा मसुदा घ्यावा. छपाईपूर्वी तो एखाद्या सभासदाला वाचायला द्यावा आणि कागद बाजूला ठेवून किती, केव्हापर्यंत आणि कोठे एवढेच विचारावे. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर चुकले, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.