एलएस की एचसी? गेट निवडताना आकडे कसे वाचायचे

फोंड्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पावसाळ्यात पंपाच्या कंट्रोल पॅनेलचे बोर्ड येतात. त्यात 74LS00 ही नँड गेटची चिप मेलेली दिसली की बघणारा म्हणतो, "74HC00 बसव, पाय तर तेच आहेत!" पाय तेच आहेत हे खरं. मीही एकदा तसंच केलं. टेबलावर बोर्ड सुरळीत चालला. पॅनेलमध्ये परत बसवल्यावर मात्र शेजारचा कॉन्टॅक्टर ओढला की पंप मधूनच आपोआप बंद व्हायचा. चूक माझीच होती.

एलएस हे टीटीएल, म्हणजे आत बायपोलर ट्रान्झिस्टर. त्याचं इनपुट लो ठेवायला त्यातून ०.४ मिलिअँपिअर करंट बाहेर खेचून घ्यावा लागतो. आउटपुट लो असताना ८ मिलिअँपिअर गिळू शकतं. भागाकार करा, फॅन-आउट २०, म्हणजे एका आउटपुटवर वीस इनपुट. एकविसावं इनपुट जोडलं की लो पातळी हळूहळू वर सरकू लागते.

एचसी हे सीमॉस, त्यात असा हिशेब लावायला गेलं तर हसू येतं. आउटपुट ४ मिलिअँपिअरचं आणि इनपुट करंट फार तर १ मायक्रोअँपिअर, म्हणजे चार हजार इनपुट! प्रत्यक्षात प्रत्येक इनपुट एक छोटा कपॅसिटर आहे, ३ ते १० पिकोफॅरडचा, आणि प्रत्येक बदलाला तो भरावा-रिकामा करावा लागतो. बारा इनपुट आणि ट्रॅक धरून १५० पिकोफॅरड झाले, तर डेटाशीटच्या ५० पिकोफॅरडवरचा नऊएक नॅनोसेकंदांचा डिले अंदाजे तीन ते सहा नॅनोसेकंदांनी वाढतो. म्हणजे टीटीएलमध्ये फॅन-आउट ओलांडला की पातळी बिघडते, सीमॉसमध्ये वेळ बिघडतो. पंपाच्या पॅनेलला त्या वेळेचं काही सोयरसुतक नाही. क्लॉक लाइनला मात्र आहे.

निव्वळ वेगावर निवड करायची तर दोघं जवळपास सारखेच, एलएसही नऊ-दहा नॅनोसेकंदांचाच. जुना सीमॉस नँड CD4011B मात्र ५ व्होल्टवर १२५ नॅनोसेकंद घेतो. पण तो १५ व्होल्टपर्यंत चालतो आणि व्होल्टेज वाढवलं की नॉईज मार्जिनही, म्हणजे पातळी न बिघडता किती व्होल्टचा गोंगाट खपेल ते, वाढतं, त्यामुळे १२ व्होल्टच्या रिले पॅनेलमध्ये मला तो अजून आवडतो.

खरा फरक नॉईज मार्जिनमध्ये आहे. एलएसचं आउटपुट हायला किमान २.७ व्होल्ट देतं आणि एलएसच्या इनपुटला २.० पुरतात, म्हणून मार्जिन ०.७. लोला आउटपुट पूर्ण लोडवर ०.५ पर्यंत जातं आणि इनपुटची मर्यादा ०.८, म्हणजे हातात फक्त ०.३ व्होल्ट. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका एवढा सहज देतो. ४.५ व्होल्टवरचा एचसी एचसीलाच जोडला असेल तर दोन्ही बाजूंना १.२५ व्होल्ट मिळतात.

आता माझी चूक. मी एलएसच्या साखळीत मध्येच एक एचसी घातला होता. त्या एचसीला हायसाठी पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५ व्होल्ट लागतात आणि मागच्या एलएसची हमी २.७ ची. मार्जिन उणे ०.८! तरी टेबलावर चाललं, कारण एलएस बहुधा ३.४ च्या आसपास देतो आणि एचसी प्रत्यक्षात अडीच व्होल्टच्या आसपास पलटतो. कागदावर नापास, टेबलावर पास. असा संशय आला तर एचसीच्या इनपुट पायावर स्कोप लावा. हाय ३.४ च्या आसपास दिसलं की समजा, जोड चुकीची आहे.

हाय वर ओढायला पाच व्होल्टला २.२ किलोओहमचा पुलअप रेझिस्टर लावता येतो, पण तो फुकट नाही. लोला तो २.३ मिलिअँपिअर खातो, त्यामुळे त्या आउटपुटवर वीसऐवजी चौदाच एलएस इनपुट उरतात. शिवाय लाइनवर ५० पिकोफॅरड असतील तर २.७ पासून ३.५ पर्यंत चढायला रेझिस्टरला सुमारे ४७ नॅनोसेकंद लागतात, गेटच्या डिलेच्या पाचपट. मी शेवटी 74HCT00 बसवला. त्याला हायला २.० व्होल्ट चालतात. पण लोची मर्यादा ०.८ च आहे, म्हणजे त्या जोडावर मार्जिन एलएसइतकंच, ०.३.

म्हणून एलएसचा जुना बोर्ड दुरुस्त करत असाल तर मिळाला तर एलएस, नाहीतर एचसीटी घ्या. नवा बोर्ड कॉन्टॅक्टरच्या शेजारी बसणार असेल तर सगळाच एचसी करा आणि न वापरलेली इनपुट ग्राउंडला किंवा पुरवठ्याला जोडा. मोकळं एलएस इनपुट निदान हायसारखं वागतं, मोकळं एचसी इनपुट मात्र बोट जवळ नेलं तरी डोलतं.