भाडेकरूची कागदपत्रं घेतली, तपासली, तरी फसलो (इंदूर)

आम्ही सुदामा नगरला राहतो, वरचा मजला भाड्याने देतो. गेल्या वर्षी एक मुलगा आला, वय पंचवीस-सव्वीस, नीट बोलणारा. सुपर कॉरिडॉरला आयटी कंपनीत नोकरी लागलीये म्हणाला. आमचे हे म्हणाले आधार आणि कंपनीचं लेटर दिल्याशिवाय किल्ली नाही, तर त्याने जराही कुरकुर केली नाही, दुसऱ्या दिवशी दोन्ही घेऊन हजर. ९,००० भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट १८,००० लगेच दिलं, आणि खरं सांगू, पैसे वेळेवर आले की माणूस अर्धा तिथेच निश्चिंत होतो.

तरी मी तपासलं. आधारच्या साइटवर नंबर टाकून बघितला, नंबर खरा निघाला, वय २०-३०, पुरुष, मध्य प्रदेश. मला वाटलं झालं. पण ती साइट फक्त एवढंच सांगते की हा नंबर अस्तित्वात आहे, समोर उभा असलेला माणूस तोच आहे का हे ती सांगत नाही, तिथे नाव येत नाही आणि फोटो पण येत नाही. कार्डावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या स्कॅनर अ‍ॅपने स्कॅन केला असता तर नाव आणि फोटो दोन्ही समोर आले असते. मी केला नाही. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या त्याच कार्डाचा क्यूआर भाच्याने स्कॅन करून दाखवला, नाव तेच, पण फोटो भलत्याच मुलाचा! कार्ड खरं होतं, फक्त वर फोटो बदलून रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलेलं.

लेटरचं सांगते. जाड कागद, जांभळा गोल शिक्का, खाली एचआरचा मोबाइल नंबर. मी त्या नंबरवर फोन केला, एका बाईने दुसऱ्याच रिंगला उचलला आणि मी नुसतं "भाड्याच्या घरासाठी विचारायचं होतं" म्हटलं तर ती म्हणाली हां हां, आमच्याकडेच आहे तो, चांगला मुलगा आहे. मी त्याचं नाव घेतलंच नव्हतं हो! हे माझ्या लक्षात यायला सात आठवडे गेले. लेटरवर दिलेल्या नंबरवर फोन करणं म्हणजे त्यालाच विचारणं की तू खरा आहेस का. नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून काढून रिसेप्शनला फोन करायला हवा होता, आणि ईमेल पण कंपनीच्या नावाचा नव्हता, साधा जीमेल होता.

मग अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट केलं. सही आम्ही शेवटच्या पानावर केली, बाकी पानांवर नाही. आठवड्याने तो म्हणाला काकू, गॅस कनेक्शनसाठी लाइट बिलाची कॉपी पाहिजे, मी दिली. थाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची होती तो फॉर्म उद्या देऊ उद्या देऊ करत राहून गेला.

दीड-पावणेदोन महिन्यांनी तो गावी जातो म्हणून गेला, परत आलाच नाही, फोन बंद. डिपॉझिट पण मागितलं नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती, १८,००० सोडून कोण जातं?

पुढच्या महिन्यात जीएसटीचे दोन अधिकारी दारात. म्हणे इथे अमुक ट्रेडिंग फर्म आहे, माल कुठे आहे? मी म्हटलं इथे माल कसला, वर एक खोली, किचन आणि बाथरूम आहे. त्यांनी फाइलमधलं अ‍ॅग्रीमेंट दाखवलं. शेवटचं पान आमचंच, सह्या आमच्याच, पहिलं पान मात्र बदललेलं, "राहण्यासाठी"च्या जागी "कार्यालयासाठी". सोबत आमचं लाइट बिल. माझे हात थरथरत होते, खोटं नाही सांगत. भाड्याच्या जागेवर जीएसटी नंबर घ्यायला अ‍ॅग्रीमेंट आणि मालकाचं लाइट बिल किंवा प्रॉपर्टी टॅक्सची पावती लागते, आम्ही दोन्ही स्वतःच्या हाताने दिलं होतं. अशा फर्म नुसती खोटी बिलं फाडायला काढतात, माल येत नाही जात नाही.

ज्याचं आधार होतं तो खरा मुलगा वेगळाच, गरीब घरचा, कर्ज मिळवून देतो सांगून त्याच्याकडून कागद आणि ओटीपी घेतले होते. तोही आमच्यासारखाच अडकलेला.

आम्ही त्याच दिवशी अधिकाऱ्यांना लेखी दिलं की इथे असा कोणताही धंदा नाही, त्यावर शिक्का मारून पोच घेतली, आमच्याकडची अ‍ॅग्रीमेंटची ओरिजिनल कॉपी जोडली म्हणून बदललेलं पान लगेच दिसलं. ती कॉपी नसती तर आम्ही काय दाखवलं असतं देव जाणे. मग थाण्यात अर्ज दिला, तिथे पहिला प्रश्न हाच, भाडेकरूची सूचना दिली होती का? मान खाली घालून नाही म्हणावं लागलं.

आता वर एक नर्स राहते. तिच्यासमोरच क्यूआर स्कॅन केला, हॉस्पिटलच्या रिसेप्शनला फोन लावला, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घेतल्या. लाइट बिलाची कॉपी मागितली तेव्हा त्यावर पेनाने आडवं लिहून दिलं, "फक्त गॅस कनेक्शनसाठी", खाली तारीख. तिला राग नाही आला, उलट म्हणाली काकू, माझ्या आधारच्या कॉपीवर पण असंच लिहा.