इनस्क्रिप्टवर आठ महिने: ‘शेतक-यांनी’ ते ‘शेतकऱ्यांनी’

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. ग्रामसभा असो की अनुदानाची यादी, सूचनेचा स्क्रीनशॉट आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि मग कोणीतरी मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणतं, "हे टाइप करून दे भाऊ, फळ्यावर लावाचं हाये." आठ महिन्यांपासून हे काम मी विंडोजमधल्या मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर करतोय.

त्याआधी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचो आणि नेमका ‘शेतकऱ्यांनी’वर अडायचो. र आणि य जोडले की रफार डोक्यावर चढायचा. मग मी ‘शेतक-यांनी’ असं मधे आडवी रेघ घालून मोकळा व्हायचो. चित्रातल्या शब्दाशी ते जुळायचं, म्हणून बरोबरच वाटायचं. एकदा पीकविम्याची सूचना छापली तेव्हा ओळ नेमकी त्या रेघेवर संपली. वर ‘शेतक-’ आणि खालच्या ओळीत ‘यांनी’. फळ्यापुढे उभ्या असलेल्या एका काकाजींनी मला विचारलं, "काहून गा, हे शेतक म्हंजे काय होय?" संगणकासाठी तो एक शब्द नव्हताच, रेघेजवळ तुटणारे दोन तुकडे होते. फाईलमध्ये ‘शेतकऱ्यांनी’ शोधलं तर तेही सापडायचं नाही.

इनस्क्रिप्टवर याचं उत्तर एका कळीत आहे. साधा र `j` वर आहे आणि खाली टिंब असलेला ऱ `Shift+J` वर. त्या ऱला हलंत देऊन य लावला की अर्धचंद्रासारखा ऱ्य तयार होतो. आमच्या तालुक्याच्या नावात मात्र रफारच हवा, कारण तिथे र साधा आहे. एकाच सूचनेत हे दोन्ही शब्द हटकून येतात:

```
दर्यापूर     o j d / e h t j
शेतकऱ्यांनी  Shift+M s l k Shift+J d / e x v r
```

`d` म्हणजे हलंत, `/` म्हणजे य. दोन्ही शब्दांत य तोच, हलंत तोच; फरक फक्त एका शिफ्टचा.

स्क्रीनशॉट पाहून टाइप करताना डोळा फसवतो, हे मला इथेच कळलं. रफार दिसतो पुढच्या अक्षरावर, पण र दाबायचा त्या अक्षराच्या आधी. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, पण दाबायची अक्षरानंतर. बोलताना जो उच्चार आधी, ती कळ आधी. चित्रात दिसेल तसं दाबत गेलं तर ‘प्रसिद्ध’चं ‘प्रिसद्ध’ होतं. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी पडली तर ठिपक्यांचं पोकळ वर्तुळ उमटतं आणि चूक लगेच दिसते. शब्दाच्या मधे ती गुपचूप मागच्या अक्षराला चिकटते, म्हणून मी प्रत्येक ओळ पुटपुटत वाचून काढतो.

‘प्रसिद्ध’मधलं जोडाक्षर वेगळ्याच कारणानं त्रास देतं. आधी द, मग ध: `o d Shift+O`. पण कितीतरी सूचनांमध्ये ‘प्रसिध्द’ छापलेलं असतं, आधी ध आणि मग द. मोबाइलवरच्या बारीक चित्रात दोन्ही सारखेच भासतात. आपण काय टाइप केलं ते तपासायला मी कर्सर जोडाक्षराच्या मागे ठेवून एकदा बॅकस्पेस दाबतो. शेवटचं एकच अक्षर निघतं. मागे ‘द्’ उरला तर बरोबर, ‘ध्’ उरला तर उलटं झालंय. मग कंट्रोल-झेड करून शब्द परत आणायचा. मूळ कागदातच ‘प्रसिध्द’ असेल तर फळ्यासाठी मी सुधारून टाइप करतो, पण सहीच्या पत्राची नक्कल असली तर जसंच्या तसं ठेवतो. माणसांच्या नावाला तर विचारल्याशिवाय हातच लावत नाही.

जिथे चित्रच पुसट आहे तिथे कीबोर्ड काही करू शकत नाही. द्य, द्व आणि द्द एकमेकांत मिसळलेले असले तर अंदाजानं टाइप करणं मला पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो दाबला जातो, म्हणून मी सांगतो, "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." तेवढ्यानं बहुतेक वेळा पोटातल्या रेघा मोकळ्या दिसतात.

पहिले दोन आठवडे मात्र फार जड गेले. एक पान टाइप करायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायचा आणि दुकानात लोक ताटकळायचे. डावीकडे स्वर नि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं हे बोटांत बसल्यावर वेग आला, आता मी जुन्या पद्धतीपेक्षा भराभर टाइप करतो. एक गैरसोय अजून आहे. `/` वर य बसल्यामुळे तारखेतली तिरपी रेघ त्या कळीनं येत नाही. मी ती उजवीकडच्या नंबरपॅडवरून घेतो. ज्या लॅपटॉपला नंबरपॅड नाही, तिथे प्रत्येक तारखेला `Win+Space` दाबून इंग्रजीत जाऊन परत यावं लागतं.