अतिदक्षता विभागात फुफ्फुसांची सोनोग्राफी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी हातात मावणारा सोनोग्राफी प्रोब अतिदक्षता विभागात रोज वापरतो आहे, आणि त्याचा सर्वाधिक उपयोग मला फुफ्फुसे पाहण्यासाठी झाला आहे. सुरुवातीचे दोन आठवडे मात्र वाया गेले, कारण मी पोटाचे सेटिंग ठेवूनच छाती पाहत होतो. त्या सेटिंगमध्ये प्रतिमा गुळगुळीत करणारी प्रक्रिया सुरू असते. फुफ्फुसातील हवा ध्वनिलहरी आत जाऊ देत नाही, त्यामुळे निरोगी फुफ्फुसाच्या जागी पडद्यावर दिसतात ते बहुतांशी परावर्तनाचे आभास, आणि ही प्रक्रिया नेमके तेच पुसून टाकते. फुफ्फुसाचे सेटिंग निवडल्यावर रेषा स्पष्ट दिसू लागल्या.

प्रोब उभा धरून दोन बरगड्यांवर ठेवला की त्यांच्या दोन काळ्या सावल्यांच्या मध्ये, प्रौढांमध्ये बरगडीच्या पृष्ठभागापासून साधारण अर्धा सेंटिमीटर खाली, एक चकचकीत आडवी रेषा दिसते. ती प्लुराची, म्हणजे फुफ्फुसावरील आवरणाची रेषा, आणि ती श्वासाबरोबर सरकते. तिच्याखाली समान अंतराने उमटणाऱ्या आडव्या ए-लाइन म्हणजे तिचीच प्रतिबिंबे होत. त्यांच्यातील अंतर त्वचेपासून प्लुरापर्यंतच्या अंतराइतके असते. ए-लाइन एवढेच सांगतात की खाली हवा आहे. ती हवा फुफ्फुसातली की फुफ्फुसाबाहेर अडकलेली, हे त्या सांगत नाहीत. हा फरक मला एका रुग्णाने नीट शिकवला.

श्वास कमी पडू लागल्याने या गृहस्थांना घाईत ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतले होते. काही मिनिटांत ऑक्सिजनचे प्रमाण ९७ वरून ८५ टक्क्यांवर आले आणि डाव्या बाजूला श्वासाचा आवाज ऐकू येईना. प्रोब ठेवला, तर डाव्या बाजूला ए-लाइन होत्या, पण प्लुरा सरकत नव्हता. एकाच रेषेवरची हालचाल काळानुसार दाखवणाऱ्या एम-मोडमध्येही सरकत्या फुफ्फुसाची वाळूसारखी रवाळ नक्षी नव्हती, सगळ्या रेषा सरळ आडव्या. कनिष्ठ सहकाऱ्याने विचारले, “सर, न्यूमोथोरॅक्स आहे, सुई घालू का?” न्यूमोथोरॅक्स म्हणजे फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये अडकलेली हवा, आणि ती सुईने बाहेर काढता येते. पण रक्तदाब टिकून होता, म्हणून मी त्याला थांबवले आणि प्रोब हलू न देता त्याच रेषेकडे पाहत राहिलो. ती सरकत नव्हती, पण मॉनिटरवरील प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित थरथरत होती. हृदयाचा धक्का छातीच्या भिंतीपर्यंत पोहोचत होता, म्हणजे फुफ्फुस तिथे भिंतीला टेकलेले होते. मध्ये मोकळी हवा असती तर ही थरथर दिसली नसती. या खुणेला लंग पल्स म्हणतात. प्लुरापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत जाणारी एखादी उभी बी-लाइन दिसली असती, तरी त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही असेच ठरले असते.

मग ट्यूबचा आकडा पाहिला. दातांपाशी २७ सेंटिमीटर! ट्यूब उजव्या मुख्य श्वासनलिकेत शिरली होती आणि डाव्या फुफ्फुसात हवा जातच नव्हती. ती २३ वर आणल्यावर पाच-सहा श्वासांत डाव्या बाजूची रेषा पुन्हा सरकू लागली आणि ऑक्सिजन चढत गेला. सुई घातली असती, तर भिंतीला टेकलेल्या फुफ्फुसालाच छिद्र पडले असते. म्हणून आमच्याकडे आता असा दंडक आहे की सरकणे दिसले नाही तर आधी ठोक्यांची थरथर आणि ट्यूबचा आकडा पाहायचा. न्यूमोथोरॅक्सची खरी खूण म्हणजे लंग पॉइंट: प्रोब बाजूला नेत गेल्यावर सापडणारी ती जागा, जिथे श्वासागणिक सरकणे येते आणि जाते. फुफ्फुस पूर्ण मिटले असेल तर तीही सापडत नाही.

याच रुग्णाला चौथ्या दिवशी ताप आला. उजव्या पाठीमागे खालच्या भागात फुफ्फुस यकृतासारखे घट्ट दिसत होते, त्याची खोलवरची कडा फाटल्यासारखी होती, आणि आतील हवेचे पांढरे ठिपके श्वास घेताना पुढे सरकत होते. श्वासनलिका उघडी असल्याचे ते लक्षण आहे आणि त्यामुळे न्यूमोनियाकडे कल जातो. डाव्या तळाशी मात्र काळे पाणी होते, त्यात फुफ्फुसाचा आकसलेला तुकडा हलत होता, आणि त्यातील ठिपके जागचे हलत नव्हते. ते पाण्याने दाबलेले फुफ्फुस मानले. स्थिर ठिपक्यांमुळे न्यूमोनिया पूर्णपणे वगळता येत नाही, म्हणून ताप, कफ आणि रक्ततपासणी सोबत ठेवूनच प्रतिजैविके सुरू केली.

या प्रोबची खरी अडचण अशी की सलग वापरात तो तापतो आणि मध्येच बंद पडतो, त्यामुळे मी छातीचा पुढचा भाग नेहमी आधी पाहतो. त्वचेखाली हवा शिरलेली असेल तर प्लुराच दिसत नाही, आणि प्लुरापर्यंत न पोहोचलेला खोलवरचा न्यूमोनिया प्रोबला सापडत नाही. अशा वेळी मी थेट एक्स-रे किंवा सीटी मागवतो.