1 टीबीच्या मोहात रॅम चिकटली: आठ महिन्यांचा अनुभव

परवा सर्व्हिस सेंटरमधून हात हलवत परत आलो, म्हणून हे लिहायला बसलोय. लेकीच्या लॅपटॉपमध्ये आणखी 8 जीबी रॅम टाकून घ्यायची होती. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल नंबर पाहिला आणि मशीन न उघडताच सांगितलं, "काका, यात रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. वाढवायची तर मदरबोर्डच बदलावा लागेल, 24 हजार." आख्खा लॅपटॉप 47 हजारांचा!

जुलै 2024 मध्ये दुकानात दोन मॉडेल समोर होती. दोन्हींत 8 जीबी रॅम, प्रोसेसर जवळपास सारखाच. एकात 1 टीबी एसएसडी, वजन दीड किलोच्या आत, 47 हजार. दुसरं जरा जाडजूड, 512 जीबीचं आणि दीड हजाराने महाग. डबल जागा आणि वर पैसेही कमी, मग विचार कसला करायचा? दुसऱ्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा होता, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या वेळी साधारण दोन हजारांची एक पट्टी त्यात कधीही बसवता आली असती.

पहिलं सेमिस्टर मजेत गेलं. सी प्रोग्रामिंग, पीडीएफ, पीपीटी, यांना 8 जीबी भरपूर. मीही नातेवाइकांत मिरवत होतो. दुसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर आलं आणि पुण्याहून रोज फोन सुरू झाले: "बाबा, हँग होतोय." घरी आली तेव्हा शेजारी बसून पाहिलं. काहीही उघडलं नव्हतं तरी टास्क मॅनेजर साडेतीन जीबी वापरात दाखवत होता. थोडी रॅम ग्राफिक्सने राखून ठेवलेली, म्हणजे आठातले आठही हाती येतच नाहीत. त्यावर अँड्रॉइड स्टुडिओ, क्रोमचे दहा टॅब आणि एम्युलेटर म्हणजे स्क्रीनमधला खोटा मोबाइल. रॅम संपली की विंडोज एसएसडीचा काही भाग रॅमसारखा वापरतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानाने ती फारच संथ, त्यामुळे माउस अडखळतो आणि पंखा घुमायला लागतो.

आणि डिस्क किती भरली होती? विंडोज 1 टीबीला 931 जीबी दाखवतं (ती चोरी नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी). त्यातले वापरलेले 170. ज्या जागेसाठी मी भाळलो, ती ओसाड माळरानासारखी पडून आहे. शिवाय जागा कमी पडली असती तर बाहेरून डिस्क जोडता येते. रॅम बाहेरून जोडता येत नाही.

बॅटरीवरही मी चिडलो होतो. दुकानदार दहा तास म्हणाला, मिळतात पाचच्या आत. पण इथे मत बदललं. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते. त्यात DESIGN CAPACITY 42,000 mWh होती आणि FULL CHARGE CAPACITY 38,900. आठ महिन्यांत सात टक्के झीज, म्हणजे बॅटरी धडधाकट आहे. सोपा भागाकार करा: 38,900 mWh म्हणजे जवळपास 39 वॉट-अवर. साध्या कामाला मशीन 8 वॉट खात असेल तर 39 भागिले 8, पावणेपाच-पाच तास. एम्युलेटर चालू असताना तेच 20 वॉटवर गेलं की दोन तासांत खेळ खलास. दहा तासांचा दावा बहुधा मंद उजेडात एकच व्हिडिओ चालवून केलेला असतो. तेव्हा घेताना तास विचारू नका, वॉट-अवर विचारा.

लेकीच्या एका मैत्रिणीने उपाय सुचवला: एम्युलेटर बंद, खरा मोबाइल केबलने जोडायचा, त्यात USB debugging सुरू करायचं आणि ॲप थेट त्यावर चालवायचं. दोनेक जीबी रॅम सुटली, पंखाही शांत झाला. तेव्हा मशीन अगदीच टाकाऊ नाही, हे कबूल करतो. हलकं आहे, टाइप-सीने चार्ज होतं, लेक बॅगेत घालून रोज बसने जाते. पण माझा राग गेलेला नाही.

काल भाच्यासाठी लॅपटॉप पाहायला गेलो. दुकानातल्या डेमो मशीनवर Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडला, Performance, मग Memory. खाली Form factor पाहिलं. SODIMM असेल तर पट्टी काढता-घालता येते, Row of chips असेल तर चिकटवलेली. शेजारी Slots used: 1 of 2 दिसलं. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही आयटीत आहात का?" मी म्हटलं, नाही, किराणा.

लेकीच्या लॅपटॉपवर साडेसातशे जीबी मोकळे आहेत. कुणाला हवे असतील तर सांगा.